निम्मा पाइप, पूर्ण वेग

जुलैतली सकाळ होती. मुंबईच्या एका उपनगरात दोघा कामगारांनी रस्त्यातल्या चेंबरचं झाकण पहारीने उचललं आणि आम्ही तिघे आत डोकावलो. खाली पावसाचं पाणी वाहून नेणारा आरसीसी पाइप होता, ९०० मिलिमीटर व्यासाचा. माझ्याबरोबरच्या तरुण इंजिनिअरने मोजपट्टी पाइपाच्या तळाला टेकवली. पाणी ६२० मिलिमीटर. त्याने मोबाइलवर आकडे घातले आणि म्हणाला, "सर, सेकंदाला ७४० लिटर जातंय. पाइप मस्त चाललाय."

मुकादम मागे उभे होते. ते पुढे आले, पाण्याकडे क्षणभर बघितलं आणि म्हणाले, "साहेब, पाणी चालतंय कुठे? कचरा बघा की, नुसता रेंगाळतोय."

मोबाइलमधलं सूत्र बरोबर होतं आणि आकडेमोडही बिनचूक होती. तरी मुकादमांचंच खरं निघालं. सूत्र नेमकं कशाचं उत्तर देतं हे पाहिल्याशिवाय ते कसं, हे कळत नाही.

गावात पाणी नळाने येतं तेव्हा पाइप तुडुंब भरलेला असतो आणि दाबामुळे पाणी पळतं. पर्जन्यजल वाहिनीचं तसं नाही. तिच्यात पाण्याच्या वर हवा असते आणि पाण्याला पुढे नेणारा असतो फक्त उतार. म्हणजे दिसायला पाइप असला, तरी वागायला तो झाकलेला ओढाच. उतार पाण्याला पुढे ओढतो, पाइपाची भिंत घर्षणाने मागे धरते. पाणी वेग घेतं तसं घर्षण वाढतं, आणि एका वेगाला दोन्ही बरोबरीत येतात. तिथून पुढे पाइपाचा व्यास, उतार आणि पाण्याची आवक बदलली नाही, तर खोलीही बदलत नाही. पहिल्या चेंबरात जेवढं पाणी, तेवढंच दहाव्या चेंबरात. या खोलीला इंजिनिअर नॉर्मल डेप्थ म्हणतात. आपण तिला नॉर्मल खोली म्हणू.

ती काढायचं सूत्र रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्याच्या नावाने ओळखलं जातं. १८८९ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी ते डब्लिनमध्ये मांडलं. त्या काळात प्रचलित असलेली सात सूत्रं शेजारी शेजारी ठेवून, त्यांच्या उत्तरांशी जुळेल असं एक सोपं सूत्र त्यांनी बसवलं. गंमत म्हणजे ते त्यांना स्वतःला फारसं आवडलं नव्हतं, कारण त्यात घनमूळ काढावं लागे आणि एककंही नीट जुळत नसत. जगाने मात्र तेच उचललं. ते असं:

V = (1/n) × R^(2/3) × S^(1/2)

V म्हणजे पाण्याचा सरासरी वेग, सेकंदाला मीटरमध्ये. S म्हणजे उतार. ४०० मीटर लांबीत १ मीटर उतार असेल तर 1/400, म्हणजे 0.0025. n हा भिंतीच्या खडबडीतपणाचा आकडा. काँक्रीटच्या चांगल्या पाइपाला तो साधारण 0.013 धरतात.

राहिला R, आणि या गोष्टीचा खरा नायक तोच आहे. पाण्याच्या उभ्या छेदाचं क्षेत्रफळ घ्यायचं आणि पाइपाच्या भिंतीचा जेवढा भाग ओला झालाय, त्या ओल्या परिघाच्या लांबीने भागायचं. येणाऱ्या लांबीला जलीय त्रिज्या म्हणतात. क्षेत्रफळ म्हणजे पळणारं पाणी आणि ओला परीघ म्हणजे त्याला धरून ठेवणारी भिंत. भिंतीच्या मानाने पाणी जास्त असेल तर R मोठा आणि वेगही मोठा.

आता एक प्रत्यक्ष हिशेब करू. पाइप आपलाच, ९०० मिमी व्यासाचा, उतार ४०० ला १, n = 0.013. त्याच्या वाट्याला चार हेक्टर वस्ती येते असं धरा. तासाला ५० मिमी पाऊस म्हणजे चार हेक्टरवर तासाला २,००० घनमीटर पाणी. वस्ती दाट, सगळीकडे काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक. त्यामुळे १० टक्के पाणी मुरलं, साचलं असं मानून १,८०० घनमीटर वाहिनीत येईल. म्हणजे सेकंदाला अर्धा घनमीटर, ५०० लिटर. हे ५०० लिटर जाताना पाइपात खोली किती असेल आणि वेग किती?

पाइप चौकोनी असता तर काम सोपं होतं. गोल पाइपात खोली वाढते तशी पाण्याची रुंदी आधी वाढते आणि निम्म्यानंतर कमी होते. म्हणून खोलीऐवजी कोनाशी हिशेब मांडतात. पाइपाच्या केंद्रापासून पाण्याच्या पृष्ठभागाच्या दोन टोकांना रेघा ओढल्या, तर खालच्या, पाण्याच्या बाजूने जो कोन होतो तो θ. खोलीला y आणि व्यासाला D म्हटलं तर:

θ = 2 × arccos(1 − 2y/D)
A = (D²/8) × (θ − sin θ)
P = D × θ / 2
R = A / P
Q = A × V

A म्हणजे क्षेत्रफळ, P म्हणजे ओला परीघ आणि Q म्हणजे दर सेकंदाला जाणारं पाणी. इथे एका खड्ड्यात नवशिके हमखास पडतात. θ हा रेडियनमध्ये हवा, अंशांमध्ये नाही. कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवला तर क्षेत्रफळ भलतंच येतं. ताळा सोपा आहे: खोली निम्मी घाला. θ बरोबर 3.1416 आला आणि क्षेत्रफळ पूर्ण पाइपाच्या निम्मं आलं, तर गाडी रुळावर आहे.

दुसरी अडचण अशी की खोली माहीत असेल तर पाणी किती ते एका दमात निघतं, पण आपल्याला उलट जायचंय. θ सूत्रात सुटाही आहे आणि साइनच्या आतही अडकलेला आहे. त्याला एकटा बाहेर काढता येत नाही. म्हणून अंदाज करायचा, तपासायचा, सुधारायचा. कॉम्प्युटरवर स्प्रेडशीटमधलं `Goal Seek` हेच करतं, फक्त झपाट्याने.

पहिला अंदाज निम्म्या पाइपाचा, ४५० मिमी. क्षेत्रफळ ०.३१८ चौरस मीटर, ओला परीघ १.४१४ मीटर, म्हणून R = ०.२२५ मीटर. सूत्रातून वेग सेकंदाला १.४२ मीटर आणि पाणी ४५३ लिटर. आपल्याला ५०० हवेत, तेव्हा खोली वाढवू.

दुसरा अंदाज ५४० मिमी. पाणी येतं ६०८ लिटर. हे जास्त झालं. म्हणजे उत्तर या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. ४५३ पासून ६०८ पर्यंत १५५ लिटरचं अंतर आणि आपल्याला त्यातले ४७ हवेत. त्याच प्रमाणात ९० मिमीमधले २७ घेतले, तर तिसरा अंदाज ४७७ मिमी. तपासला तर ४९९ लिटर. एक मिलिमीटर वाढवला की ५०० पुरे होतात. नॉर्मल खोली ४७८ मिमी, वेग सेकंदाला १.४६ मीटर. तीन अंदाजांत काम झालं. शेवटी ताळा म्हणून पाण्याला क्षेत्रफळाने भागून बघावं: ०.५ भागिले ०.३४३ म्हणजे १.४६. जुळलं.

आता पहिल्या अंदाजाकडे परत एकदा बघा. पाइप पूर्ण भरला असता तर क्षेत्रफळ दुप्पट झालं असतं आणि ओला परीघही बरोबर दुप्पट. म्हणजे R तोच, ०.२२५. म्हणून निम्मा भरलेला पाइप आणि पूर्ण भरलेला पाइप, दोन्हींत पाणी सारख्याच वेगाने पळतं. पाणी निम्मं होतं, वेग मात्र तसूभरही कमी होत नाही. रिमझिम पावसात याच पाइपात ५० लिटर, म्हणजे दहावा हिस्सा पाणी आलं, तर खोली होते १४४ मिमी आणि वेग सेकंदाला ०.७६ मीटर. पाणी दहा पटींनी घटलं, पण वेग निम्म्याच्याही खाली गेला नाही. गाळ बसू नये म्हणून वेग साधारण ०.६ मीटरच्या वर राहावा असं धरतात. गोल पाइप हलक्या पावसातही तो राखतो, कारण थोडं पाणी त्याच्या तळाशी अरुंद जागेत गोळा होतं. सपाट तळाच्या रुंद गटारात तेवढंच पाणी पातळ पसरतं आणि गाळ तिथेच टाकून पुढे जातं.

पाइपाच्या वरच्या टोकाला आणखी एक चमत्कारिक गोष्ट घडते. हा पाइप काठोकाठ भरून सेकंदाला ९०५ लिटर नेतो. पण खोली ८४४ मिमी, म्हणजे व्यासाच्या सुमारे ९४ टक्के असताना तो ९७४ लिटर नेतो! थोडा रिकामा असलेला पाइप भरलेल्यापेक्षा जास्त पाणी नेतो, हे पटायला वेळ लागतो. कारण पुन्हा R. ८४४ पासून ९०० मिमीपर्यंत पाणी चढताना क्षेत्रफळ जेमतेम अडीच टक्के वाढतं, कारण वर पाइप मिटत आलेला असतो. पण छताची सगळी भिंत ओली होते आणि ओला परीघ एकदम १९ टक्के वाढतो. पाणी मूठभर वाढलं, धरून ठेवणारी भिंत मात्र ढीगभर.

याचा हिशेबावर परिणाम असा की ९०५ आणि ९७४ लिटरच्या मध्ये दोन उत्तरं निघतात. ९५० लिटरसाठी ७८७ मिमी हेही बरोबर आणि ८८७ मिमी हेही बरोबर. स्प्रेडशीटला सुरुवातीचा अंदाज कुठला दिला यावर ती कुठलं उत्तर देईल ते ठरतं. ९७४ च्या पुढचा आकडा मागितला तर उत्तरच नाही. तिथे पाइप उघड्या ओढ्यासारखा चालूच शकत नाही, तो तुंबून दाबाखाली जातो.

मग हे वरचे ६९ लिटर फुकटात मिळाले म्हणायचे का? शहाणा इंजिनिअर ते हिशेबात धरत नाही. छत आणि पाणी यांत पाच-सहा सेंटिमीटर हवा उरलेली असताना एखादी लाट उठली, बाजूच्या नळीतून पाणी आदळलं, की पाणी छताला चिकटतं आणि पाइप झटकन भरतो. क्षमता ९७४ वरून ९०५ वर येते, तीही आवक सगळ्यात जास्त असताना. उरलेलं पाणी मग चेंबरमधून वर येतं. म्हणून खोली व्यासाच्या तीन-चतुर्थांश किंवा फार तर ८० टक्क्यांपर्यंतच ठेवून पाइप निवडणं बरं.

या सूत्रातला सगळ्यात कच्चा दुवा n हा आहे. बाकी सगळं मोजता येतं, n मात्र तक्त्यातून उचलावा लागतो. ०.०१३ हा नव्या, सरळ टाकलेल्या पाइपाचा आकडा. वीस पावसाळे झाले, सांधे थोडे सरकले, तळाशी वाळू चिकटली, की ०.०१५ धरणं शहाणपणाचं. तेवढ्यानेच आपल्या ५०० लिटरची खोली ४७८ वरून ५२२ मिमी होते आणि वेग १.४६ वरून १.३१ मीटरवर येतो. शिवाय काही प्रयोगांत असं दिसलंय की अर्धवट भरलेल्या पाइपात n थोडा मोठाच पडतो. त्यामुळे नॉर्मल खोली मिलिमीटरपर्यंत काढावी, पण तिच्यावर विश्वास चार-पाच सेंटिमीटरच्या फरकानेच ठेवावा.

आता चेंबरपाशी परत येऊ. तरुण इंजिनिअरने ६२० मिमी ही मोजलेली खोली सूत्रात घातली आणि ७४० लिटर काढले. पण सूत्रातून पाणी काढताना त्याने नकळत एक गोष्ट गृहीत धरली होती: ही खोली नॉर्मल आहे. आपल्या उतारामुळे आणि आपल्या घर्षणामुळे ती तयार झालीय, दुसऱ्या कुणी लादलेली नाही.

ते तपासायला दोन साध्या गोष्टी केल्या. वरच्या चेंबरात एक मोसंबं टाकलं. मोसंबं बहुतेक बुडून तरंगतं, त्यामुळे वाऱ्यापेक्षा पाण्याचं जास्त ऐकतं. तीस मीटरवरच्या आमच्या चेंबरात यायला त्याला २८ सेकंद लागले. म्हणजे पृष्ठभागाचा वेग १.०७ मीटर. भिंतीलगतचं पाणी सावकाश जातं, म्हणून सरासरी वेग याच्या ८५ टक्के धरला, ०.९१ मीटर. ६२० मिमी खोलीला क्षेत्रफळ ०.४६७ चौरस मीटर, तेव्हा खरं पाणी सेकंदाला ४२५ लिटर. सूत्राने याच खोलीला वेग १.५९ मीटर सांगितला होता. मुकादमांनी रेंगाळणारा कचरा बघून हेच म्हटलं होतं. ४२५ लिटरला नॉर्मल खोली ४३५ मिमीच्या आसपास असायला हवी. म्हणजे पाणी जवळजवळ १८५ मिमी फुगलेलं होतं.

दुसरी गोष्ट, शेजारच्या चेंबरांत पट्टी घातली. वरच्या चेंबरात ५७० मिमी, आमच्यात ६२०, खालच्यात ६८०. प्रवाह नॉर्मल असता तर तिन्हींत आकडा एकच आला असता. इथे खाली जावं तसं पाणी खोल होत होतं. याचा अर्थ एकच: खाली काहीतरी पाणी अडवतंय. पुढच्या चेंबरचं झाकण उघडल्यावर ते दिसलं. कुणीतरी केबलसाठी दोन नळ्या पाइप आरपार भोसकून घातल्या होत्या आणि त्यांना चिंध्या, प्लॅस्टिक, फांद्या यांचं जाळं चिकटलं होतं. त्याच्या पलीकडच्या चेंबरात खोली ४४० मिमी भरली. तिथे पाणी आपल्या नॉर्मल चालीवर आलेलं होतं.

खालचा अडथळा वरच्या पाण्याला कळतो कसा? उथळ पाण्यात उठलेला हलका तरंग ठरावीक वेगाने सरकतो. आपल्या ५०० लिटरच्या उदाहरणात तो वेग सेकंदाला १.९४ मीटर येतो आणि पाणी खाली जातंय १.४६ मीटरने. तरंग पाण्यापेक्षा वेगवान असल्यामुळे तो प्रवाहाविरुद्ध वर चढू शकतो आणि खालची बातमी वर पोचवतो. मुंबईसारख्या सपाट शहरात वाहिन्यांचे उतार थोडे असल्याने बहुतेक ठिकाणी असंच असतं. डोंगरउतारावर पाणी तरंगापेक्षा वेगाने धावतं. तिथे खालचा फुगवटा वर पोचत नाही.

समुद्राकाठच्या शहरात सगळ्यात मोठा अडथळा केबलचा नसून भरतीचा असतो. मुंबईतल्या कितीतरी वाहिन्यांची तोंडं भरतीच्या पातळीखाली येतात. आपल्या पाइपाच्या तोंडाशी भरती नेमकी छतापर्यंत आली असं धरा. तिथे खोली ९०० मिमी, नॉर्मल खोली ४७८. फरक ४२२ मिमी. पाइपाचा तळ ४०० ला १ ने चढतो, म्हणजे समुद्राचं सपाट पाणी तळाला धरून साधारण १७० मीटर आत जाऊन नॉर्मल पाण्याला भेटतं. प्रत्यक्षात फुगवटा याहूनही पुढे पसरतो. त्या टप्प्यात ४७८ मिमी हा आकडा कागदावरच राहतो.

मुंबईच्या जुन्या वाहिन्या तासाला २५ मिमी पावसासाठी आखलेल्या होत्या. १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने तो आकडा ५० मिमी करायला सांगितला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला आणि त्यात भरतीही होती. अशा दिवशी सूत्राला विचारण्यासारखं काही उरत नाही, पाइप दाबाखाली असतो. पण दर पावसाळ्यात येणाऱ्या साध्या दिवसांत सूत्र फार कामाचं आहे. मात्र ते वाहिनीत काय चाललंय हे सांगत नाही, वाहिनी मोकळी असती तर काय चाललं असतं हे सांगतं. मोजलेली खोली आणि नॉर्मल खोली यांतला फरक हीच अडथळ्याची खूण.

त्या सकाळी झाकण परत बसवताना तरुण इंजिनिअर म्हणाला, "म्हणजे सर, आधी वेग बघायचा, मग खोलीवर विश्वास ठेवायचा."

मुकादमांनी पिशवीतून उरलेलं दुसरं मोसंबं काढून त्याच्या हातावर ठेवलं. "हे खालच्या लाइनला लागेल."